नकार कळावा, पण लागू नये

चाकणच्या एखाद्या कंपनीला जपानी पुरवठादाराने तपासणी यंत्राचा प्रस्ताव दिला आहे, असं समजा. दर परवडत नाही म्हणून साहेब दुभाषीला मजकूर देतात: ‘तुमचा प्रस्ताव तपासला. किंमत जास्त असल्याने तो स्वीकारू शकत नाही. गरज पडल्यास कळवू.’ आपल्याकडे या पत्राने कुणी दुखावणार नाही. पण ही तीन वाक्यं जशीच्या तशी जपानीत उतरवली, तर व्याकरण बिनचूक राहूनही पत्र दार आपटल्यासारखं वाटेल.

अशा वेळी शब्द गुळगुळीत करण्याआधी पत्राची बांधणी बदलावी लागते. ईमेलचा विषय ‘प्रस्तावाबाबत’ एवढाच ठेवायचा, त्यात नकार आणायचा नाही. सुरुवात ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ने, म्हणजे आपल्या नेहमीच्या सहकार्याबद्दलच्या आभाराने. मग प्रस्तावासाठी घेतलेल्या श्रमांची दखल. ते आपल्या कारखान्यात येऊन गेले असतील, तर त्या भेटीचा उल्लेख हवाच, कारण ठरावीक आभारांपेक्षा तो जास्त खरा वाटतो. त्यानंतर विचार केल्याचं सांगायचं आणि मगच नकार. मधली पायरी गाळली, तर प्रस्ताव न वाचताच बाजूला टाकला असं समोरच्याला वाटतं.

नकाराचं वाक्य असं लिहितात: ‘शानाइ दे शिंचो नि केंतो इताशिमाशिता गा, माकोतो नि झान्नेन नागारा, कोंकाइ वा मिओकुरासेते इतादाकु कोतो नि नारिमाशिता.’ भावार्थ असा, की कंपनीत काळजीपूर्वक विचार केला, परंतु अत्यंत खेदाने, या वेळी हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरलं आहे. यात ‘नाही’ हा शब्द कुठेच नाही. ‘मिओकुरु’ म्हणजे समोरून जाऊ देणं. त्याला जोडलेल्या ‘सासेते इतादाकु’ या रचनेत तसं करण्याची मुभा घेतल्याचा नम्र सूर आहे. शेवटचं ‘कोतो नि नारिमाशिता’ हे आपल्या ‘असं ठरलं’सारखं आहे. कोणी ठरवलं ते त्यात येत नाही, त्यामुळे एक माणूस दुसऱ्या माणसाला नाकारतो आहे असं चित्र उभं राहत नाही.

आता किंमतीचं काय करायचं? ‘तुमचा दर जास्त’ हा समोरच्यावर ठपका झाला. त्याऐवजी ‘हेइशा नो योसान नो त्सुगो नि योरि’, म्हणजे आमच्या कंपनीच्या अंदाजपत्रकाच्या अडचणीमुळे, असं लिहायचं. ‘हेइशा’ हा स्वतःच्या कंपनीसाठीचा नम्र शब्द आहे. समोरच्या कंपनीला पत्रात ‘किशा’ आणि बोलताना ‘ओन्शा’ म्हणतात. कारण एका ओळीत संपवावं. ते लांबलं की सबबीसारखं वाटतं, आणि वाटाघाटीला वाव आहे असाही अर्थ निघू शकतो.

माझ्या मते उद्धटपणापेक्षा मोठा धोका उलट्या बाजूला आहे. पत्र मऊ करण्याच्या नादात अनुवादक ‘केंतो इताशिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, असं लिहून मोकळा होतो. जपानी माणसांच्या आपसातल्या व्यवहारात हे अनेकदा सौम्य नकारासारखं घेतलं जातं, हे खरं. पण परदेशी कंपनीकडून ते आलं, तर ते शब्दशः घेऊन लोक महिनाभर थांबू शकतात, कोटेशनची मुदत वाढवून देऊ शकतात. असं ताटकळत ठेवणं हाच मोठा अनादर आहे. म्हणून विचार ‘केला’ हा भूतकाळ आणि ‘मिओकुरु’ हे क्रियापद, दोन्ही पत्रात हवीतच.

दुसरी फसगत वाचताना होते. ‘इताशिकानेमासु’ याचा अर्थ ‘करणं शक्य होणार नाही’ असा आहे, पण रूप होकारार्थी दिसतं. नवशिका ‘करू’ असं समजतो आणि नकाराला होकार मानून बसतो. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. कंपनीत कामाला लागण्याआधी त्यांनी हे रूप पक्कं करून घ्यायलाच हवं.

‘गरज पडल्यास कळवू’ हे साहेबांचं वाक्य मात्र तसंच न्यायचं नाही. त्यात आपणच वरचढ असल्याचा सूर येतो. ‘माता नो किकाइ गा गोझाइमाशितारा’, म्हणजे पुन्हा संधी आली तर, असं म्हणून सहकार्याची विनंती करावी. हा रिवाजाचा शेवट आहे, त्याला कुणी वचन समजत नाही. तारीख किंवा पुढच्या वर्षाचा उल्लेख केला, तर मात्र ते वचन होतं. जुने संबंध असतील, तर आधी फोन करून मग पत्र पाठवावं.

पाठवण्यापूर्वी एक तपासणी करावी. या व्यवहाराची माहिती नसलेल्या जपानी सहकाऱ्याला पत्र वाचायला द्यावं आणि विचारावं, ‘हे वाचून तुम्ही उत्तराची वाट पाहत राहाल का?’ तो ‘हो’ म्हणाला, तर नकाराचं वाक्य पुन्हा लिहायला घ्यावं.