नोंद घालताना अख्खा इंडेक्स का अडत नाही? डेटाबेसमधली 'खेकड्याची चाल' समजून घ्या

डेटाबेसमधला इंडेक्स बहुतेक वेळा बी-ट्री या रचनेत असतो. वर मूळ नोड, मध्ये वाट दाखवणारे नोड आणि तळाशी प्रत्यक्ष नोंदी. एकाच वेळी कुणी शोधतो, कुणी नवी नोंद घालतो. संपूर्ण झाडालाच कडी लावली, तर एका नोंदीसाठी सगळे खोळंबतील. यावर उपाय म्हणजे लॅच क्रॅबिंग.

लॅच म्हणजे काय?

एका नोडपुरती, अगदी थोडा वेळ लावलेली कडी. वाचनाची कडी अनेकांना एकाच वेळी लावता येते. लेखनाची फक्त एकालाच.

कडी सोडायची कधी?

समजा, एका नोडमध्ये जास्तीत जास्त ४ आकडे मावतात. मुळात ५० आहे, त्याखाली डावीकडच्या नोडमध्ये २० आणि ३५, तर तळाच्या एका नोडमध्ये ३६, ३९, ४२, ४७. आता ४४ घालायचा आहे.

आधी मुळाला लेखनाची कडी, मग मधल्या नोडला. मधल्यात जागा आहे, म्हणजे खालून एक आकडा वर आला तरी तो फुटणार नाही. त्यामुळे मूळ लगेच मोकळे होते. तळाचा नोड मात्र भरलेला आहे. तो फुटणार, म्हणून मधल्याची कडी धरूनच ठेवतात. नोडचे ३६, ३९ आणि ४२, ४४, ४७ असे दोन भाग होतात, ४२ मधल्या नोडमध्ये नोंदला जातो आणि मग दोन्ही कड्या सुटतात. पुढचा पाय रोवल्यावरच मागचा उचलायचा, म्हणून हे खेकड्याचे नाव.

आधीच सोडली तर?

४७ शोधणाऱ्याने मधल्या नोडवरून वाट पाहिली आणि खालची कडी मिळण्याआधीच वरची सोडली, असे समजा. तेवढ्यात नोड फुटला, तर तो जुन्या नोडमध्ये पोहोचतो. तिथे फक्त ३६ आणि ३९ आहेत. नोंद असूनही उत्तर येते, 'सापडली नाही'. ना एरर, ना क्रॅश; म्हणून ही चूक पकडणे अवघड. वाचणाऱ्यानेही खालची कडी मिळेपर्यंत वरची सोडायची नाही, ती यासाठीच.

मुळाशी गर्दी होत नाही का?

होते. प्रत्येक लेखक आधी मुळालाच लेखनाची कडी लावतो. पण खऱ्या नोडमध्ये शेकडो आकडे मावतात, फुटण्याची वेळ क्वचित येते. म्हणून १९७७ मध्ये बायर आणि श्कोल्निक यांनी मांडलेली युक्ती वापरतात: वाचनाच्या कड्या लावत खाली जायचे, लेखनाची फक्त तळाशी. तिथे जागा नसेल, तर सगळे सोडून वरून लेखनाच्या कड्यांसह पुन्हा सुरुवात.

मर्यादा कोणती?

वरून खाली एकाच दिशेने जाताना डेडलॉक होत नाही. मात्र ३० ते ६० अशा शोधात तळाचे नोड आडवे ओलांडावे लागतात. समोरून उलट्या दिशेने कुणी आले, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकू शकतात. त्यामुळे शेजारची कडी लगेच मिळाली नाही, तर थांबून न राहता हातातली सोडून पुन्हा वरून सुरुवात करणे हा नेहमीचा तोडगा आहे.