आलेख खाली का येतो?

सौम्य पोलादाच्या सळईची ताण चाचणी झाली की तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न येतो, “कमाल भारानंतर आलेख खाली का येतो? धातू कमकुवत झाला का?” उत्तर द्या, “नाही सर. सळईला मान पडून छेद आक्रसतो. आपण मात्र मूळ क्षेत्रफळानेच भागतो.”

समजा, 10 मिमी व्यासाची सळई 25 किलोन्यूटनला तुटली. मूळ क्षेत्रफळावर ताण 318 न्यूटन प्रति चौरस मिमी. 6 मिमी व्यासाच्या मानेत तो सुमारे 884. म्हणजे धातू ताणताना कठीणच होत गेला.

“ब्रिनेल चाचणीत खड्डे जवळजवळ का घेत नाहीत?” याचेही मूळ तेच. पहिल्या खड्ड्याभोवतीचा धातू कठीण होतो, त्यामुळे दुसरे वाचन चुकते. दोन केंद्रांत खड्ड्याच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतर ठेवा.