विचारायचं कुणाला?

भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतलं मशीनिंगचं एखादं छोटं युनिट घ्या. मालक, दोन ऑपरेटर, एक हेल्पर आणि चलनं-हिशेब सांभाळणारी एक व्यक्ती, अशी पाच माणसं. ग्राहकाचा फोन मालक शेडमध्ये उभ्या उभ्याच घेतो आणि काय ठरलं ते बाकीच्यांच्या कानावर आपोआप पडतं. माल संपत आलेला ज्याला दिसेल तो सांगतो. कामं बढतात, मशीनं वाढतात, दुसरी पाळी सुरू होते आणि तीन-चार वर्षांत माणसं वीस होतात. पाच माणसांत दोघादोघांच्या जोड्या १० होतात, वीस माणसांत १९०. माणसं चौपट झाली, पण आपसांत निरोप पोचायच्या वाटा एकोणीसपट झाल्या. कानावर पडण्यावर चालणारं काम इथं अडायला लागतं.

ते कसं अडतं, हे एका लॉटवरून पाहू. ग्राहकानं एका पार्टचं ड्रॉइंग बदललं. भोकाचा व्यास १०.५ मिलीमीटर होता, तो १० केला. मेल मालकाला आला. मालकानं प्रोग्रॅमरला फोनवर सांगितलं, त्यानं एका मशीनवरचा प्रोग्रॅम बदलला. रात्री घाईची ऑर्डर म्हणून तोच पार्ट दुसऱ्या मशीनवर लागला. तिथं जुना प्रोग्रॅम होता आणि मशीनशेजारी प्लास्टिकच्या पाकिटात जुनंच ड्रॉइंग. तपासनिसाच्या फायलीतही जुनी प्रत, त्यामुळे त्यानं जुन्याच गेजनं तपासून २०० नग पास केले. सगळा लॉट परत आला, आणि मोठं झालेलं भोक काही लहान करता येत नाही, म्हणजे सगळे नग भंगारात. अशा वेळी पहिला राग रात्रपाळीच्या ऑपरेटरवर निघतो. त्यानं तर हातातल्या ड्रॉइंगबरहुकूम काम केलं होतं. जुन्या प्रती गोळा करून नव्या लावणं हे कुणाचंच काम नव्हतं. पाच माणसं होती तेव्हा मालक ते स्वतः करायचा, आणि आपण ते करतो हे त्यानं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

म्हणून तक्ता काढताना नावांपासून सुरुवात करू नये. बहुतेक ठिकाणी वर मालकाचं नाव लिहितात आणि खाली आहेत ती माणसं मांडतात. त्यातून आजचीच स्थिती कागदावर उतरते. त्यापेक्षा दोन आठवडे प्रत्येक काम एकेका चिठ्ठीवर लिहावं. कोटेशन देणं, बदललेलं ड्रॉइंग वाटणं, आलेला माल तपासून घेणं, गेजचं कॅलिब्रेशन, रजा मंजूर करणं, थकलेल्या बिलासाठी फोन करणं, अगदी बारीकसारीक कामंसुद्धा. मग या चिठ्ठ्यांचे गट करावेत: ऑर्डर आणि डिस्पॅच, खरेदी आणि स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता, हिशेब. गट झाले की चौकटी तयार होतात. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव लिहावं. मदतीला कितीही माणसं असोत, जबाबदार एकच. दोन नावं लिहिली की दोघंही समजतात, दुसऱ्यानं केलं असेल.

आता भिंतीवर दोन गोष्टी दिसतात. काही चिठ्ठ्या कोऱ्या आहेत आणि निम्म्याअधिक चिठ्ठ्यांवर मालकाचंच नाव आहे. पुढचा माणूस कुठल्या कामासाठी घ्यायचा, हे त्या भिंतीवरून ठरवावं.

हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचा अधीक्षक डॅनिएल मॅकॅलम यानं १८५५ च्या सुमारास आपल्या रेल्वेचा असा तक्ता काढून घेतला. तो आधुनिक उद्योगातला पहिला संघटन-तक्ता मानला जातो. त्याचं म्हणणं होतं की पन्नास मैलांच्या रेल्वेवर अधीक्षक सगळं जातीनं पाहू शकतो, पाचशे मैलांच्या रेल्वेवर त्याला व्यवस्थाच लागते. त्याच्या तक्त्यात अध्यक्ष आणि संचालक मंडळ सर्वांत खाली, झाडाच्या मुळाशी होतं आणि कामं फांद्यांसारखी वर पसरत गेली होती.

आपल्या वीस जणांच्या युनिटमध्ये मालकाच्या हाताखाली थेट पाच माणसं पुरतात: उत्पादन, गुणवत्ता, खरेदी-स्टोअर, ऑर्डर-डिस्पॅच आणि हिशेब यांचे प्रमुख. ऑपरेटर, हेल्पर आणि प्रोग्रॅमर उत्पादन प्रमुखाकडे, आणि दोन पाळ्या असल्या तर प्रत्येक पाळीला एक इनचार्ज. इथं एक चूक फार होते. गुणवत्तेला माणसं एक-दोनच म्हणून त्यांनाही उत्पादन प्रमुखाखाली बसवतात. महिनाअखेरीला गाडी दारात उभी असते, डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो, आणि लॉट थांबवायचा तर तपासनिसाला आपल्याच साहेबाला नाही म्हणावं लागतं. ते फार थोड्यांना जमतं. तपासनीस एकटा असला तरी तो थेट मालकाला जबाबदार असावा.

तक्त्यातल्या प्रत्येक चौकटीमागे एक पानाचा कागद हवा. खरेदीच्या माणसाचा कागद पाहू. 'खरेदी बघणे' एवढं लिहून काही कळत नाही. त्याऐवजी असं लिहावं: मालाअभावी किंवा टूलअभावी एकही मशीन उभं राहू नये, आणि स्टोअरमधला साठा नोंदीशी जुळावा. ठरलेल्या पुरवठादाराकडून १०,००० रुपयांपर्यंतची ऑर्डर त्यानं न विचारता द्यावी, त्यावर मालकाची सही घ्यावी. नवा पुरवठादार गुणवत्तेनं नमुना पास केल्याशिवाय धरू नये. आकडा प्रत्येकाचा वेगळा असेल, पण आकडा हवाच. तो नसला की सहाशे रुपयांच्या इन्सर्टसाठीही माणूस "साहेब, मागवू का?" म्हणत केबिनच्या दारात उभा राहतो, आणि मालक बाहेरगावी असला तर मशीन थांबतं. बदललेल्या ड्रॉइंगचं कामही असंच कागदावर येतं. मेल ऑर्डरच्या माणसाकडे येईल, प्रोग्रॅमर सर्व मशीनवरचे प्रोग्रॅम बदलेल, पण जुन्या प्रती गोळा करून नव्यांवर शिक्का मारल्याशिवाय पहिला नग पास करायचा नाही, ही जबाबदारी गुणवत्तेची.

कायदाही या वाढीत मध्येच येतो. १० माणसं झाली की राज्य कर्मचारी विमा लागू होतो, महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीही नेमावी लागते. २० झाली की भविष्य निर्वाह निधी. या तारखा सांभाळणं हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे आणि तिच्यावरही नाव हवं.

तक्ता मोडतो तो बहुधा मालकाच्या हातून. शेडमधून जाताना तो जुन्या ऑपरेटरला म्हणतो, "हे राहू दे, ते आधी लाव." उत्पादन प्रमुखाला ते संध्याकाळी कळतं. असं दोन-तीनदा झालं की ऑपरेटर प्रमुखाला विचारणं सोडून देतात. समोर ऑपरेटर उभा असला तरी निरोप प्रमुखामार्फतच जायला हवा, आणि सवय लागेपर्यंत हे फार अवघड जातं. नवी व्यवस्था रुजली की नाही हे पाहायचं तर मालकानं एक आठवडा आपल्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपावा. ज्याचं उत्तर कुणाच्या तरी कागदात आधीच आहे, तो प्रश्न का आला ते शोधावं. एकतर त्या माणसाला अधिकार खरोखर मिळालेला नाही, किंवा आधी तो वापरल्यावर त्याला बोलणी बसली आहेत.

सगळ्यांत नाजूक प्रश्न पहिल्या दोन ऑपरेटरचा. पहिल्या दिवसापासून ते आहेत, हात सोन्याचा आहे, म्हणून त्यांतल्या एकाला उत्पादन प्रमुख करतात. पण त्याला मशीन आवडतं, हजेरी आणि रजेचे अर्ज नाहीत. सहा महिन्यांत चांगला ऑपरेटर हातचा जातो आणि प्रमुखही मिळत नाही. त्याला आधी विचारावं. नको म्हणाला तर अवघड सेटिंग आणि नव्या मुलांना शिकवणं अशी वेगळी चौकट त्याच्यासाठी काढावी आणि पगार प्रमुखाच्या बरोबरीनं ठेवावा. वयानं आणि कामानं लहान माणूस त्याच्या वरच्या चौकटीत येणार असेल, तर ती गोष्ट तक्ता भिंतीवर लागण्याआधी मालकानं स्वतः त्याच्यासमोर बसून सांगावी.