पडद्यासमोर न लवणारी पापणी

संगणकावर किंवा मोबाइलवर तासन्‌तास काम केल्यावर डोळे चुरचुरतात, जड होतात, कधी उलट त्यांतून पाणी वाहू लागते. याचा दोष बहुतेक जण पडद्याच्या प्रकाशाला देतात. डोळ्यांच्या या त्रासात प्रकाशाचा वाटा मात्र लहान आहे. मोठा वाटा आहे तो पडद्याकडे टक लावून पाहण्याचा आणि त्या वेळी पापणी लवायची राहून जाण्याचा.

एरवी गप्पा मारताना किंवा चालताना माणसाची पापणी मिनिटाला साधारण पंधरा ते वीस वेळा लवते. पडद्यावर लक्ष गुंतले की हे प्रमाण बऱ्याचदा निम्म्याहून कमी होते. शिवाय ज्या वेळी पापणी लवते त्या वेळीही ती पुरती मिटत नाही. वरची पापणी अर्ध्यावर येऊन परत फिरते आणि बुबुळाचा खालचा भाग कोरडाच राहतो. अनेकांना मिनिटभर आपली पापणी किती कमी लवते याचा पत्ताही नसतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काम करतानाचे पाचेक मिनिटांचे चित्रण करून नंतर मोजले, तर ते स्वतःलाच दिसते.

पापणी लवण्याला इतके महत्त्व का, हे कळण्यासाठी डोळ्यावरचा अश्रूंचा थर समजून घ्यावा लागतो. बुबुळाशी चिकटलेला चिकट द्रवाचा अंश, त्यावर पाण्याचा थर आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. तेल येते ते पापण्यांच्या कडेला रांगेने असलेल्या मायबोमियन ग्रंथींमधून. पापणी पूर्ण मिटली की या ग्रंथींवर दाब पडून थोडेसे तेल बाहेर येते आणि पापणी उघडताना ते डोळ्यावर सारखे पसरते. हे तेल पाणी उडून जाऊ देत नाही. निरोगी डोळ्यावर हा थर दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अखंड टिकतो. कोरड्या डोळ्यावर तो पाच सेकंदांतही फाटू शकतो. थर फाटला की बुबुळाचे मज्जातंतू उघडे पडतात आणि जळजळ सुरू होते. ही जळजळ शमवण्यासाठी डोळ्यातून एकदम पाणी येते, पण या पाण्यात तेल पुरेसे नसल्याने ते टिकत नाही. म्हणूनच डोळ्यांतून पाणी येते आणि तरीही डोळे कोरडे असतात. दीर्घकाळ पापणी अर्धवटच लवत राहिली, तर ग्रंथींमधले तेल घट्ट होऊन त्यांची तोंडे बुजू लागतात आणि साधी सवय हळूहळू आजाराच्या दिशेने जाते.

दुसरा त्रास स्नायूंचा. जवळचे स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्याच्या आतला स्नायू आकसून भिंगाचा आकार बदलतो. वस्तू जितकी जवळ, तितका ताण जास्त. साठ सेंटिमीटरवरून पस्तीस सेंटिमीटरवर आल्यास हा ताण सुमारे पावणेदोन पट होतो. लहान अक्षरे वाचायला माणूस नकळत पुढे वाकतो, तेव्हा नेमके हेच घडते.

या दोन त्रासांमधला फरक ओळखायला सोपी खूण आहे. पडद्यावरची अक्षरे अंधुक झाली आणि दोन-चारदा पापणी नीट मिटल्यावर स्वच्छ दिसली, तर तो अश्रूंच्या थराचा प्रश्न आहे. बराच वेळ काम केल्यावर खिडकीबाहेर पाहताना लांबचे काही क्षण धूसर दिसून मग स्पष्ट होत असेल, तर आतला स्नायू थकलेला आहे. पापण्या मिटल्या काय आणि विश्रांती घेतली काय, अंधुकपणा तसाच राहत असेल, तर बहुधा चष्म्याचा नंबर तपासण्याची वेळ आलेली असते.

उदाहरण म्हणून एका पतसंस्थेतल्या चाळिशीच्या पुढच्या हिशेबनिसाचे टेबल घेता येईल. मॉनिटर आडव्या ठेवलेल्या सीपीयूच्या पेटीवर आहे, त्यामुळे पडदा जवळजवळ कपाळाच्या उंचीला. डोक्यावरच्या एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येतो. पाठीमागे खिडकी, तिचा उजेड पडद्यावर चकाकतो. डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, ज्यात जवळचे पाहण्याचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. म्हणून पडद्यावरचे आकडे वाचायला मान मागे टाकून हनुवटी वर करावी लागते. सकाळी काही जाणवत नाही, पण दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, आकडे पुसट होतात आणि मान दुखते.

यात पहिली दुरुस्ती फुकटची आहे, आणि तीच सर्वांत जास्त उपयोगाची. सीपीयूची पेटी काढून बाजूला ठेवावी आणि मॉनिटर थेट टेबलावर आणावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा तिच्या किंचित खाली आणि मधला भाग त्याहून बेताने खाली असावा. खाली पाहताना वरची पापणी आपोआप उतरते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. वर पाहताना डोळा पुरता उघडा राहतो आणि अश्रू लवकर सुकतात. प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्याने पडदा आणखी थोडा खाली आणावा, म्हणजे हनुवटी उचलावी लागत नाही. दिवसाचे सहा-आठ तास संगणकावर जात असतील, तर फक्त पडद्याच्या अंतराचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घेणे सोयीचे पडते. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जाताना खुर्चीत बसल्यावर डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून न्यावे. त्याशिवाय नंबर नेमका काढता येत नाही.

मग अंतर. बहुतेकांना पन्नास ते सत्तर सेंटिमीटर सोयीचे असते, म्हणजे हात पुढे केला की बोटे पडद्याला जेमतेम टेकतील इतके. एवढ्यावरून अक्षरे वाचता येत नसतील, तर पडदा जवळ ओढू नये, अक्षरे मोठी करावीत. विंडोजमध्ये Settings, System, Display या क्रमाने जाऊन Scale हा आकडा 100% वरून 125% करता येतो. ब्राउझरमध्ये Ctrl आणि + या कळा एकत्र दाबल्या की पान मोठे होते. मराठी वाचणाऱ्यांना याची गरज अधिक असते, कारण देवनागरीत अनुस्वाराचा टिंब, रफार आणि जोडाक्षरातले बारीक अवयव लहान आकारात एकमेकांत मिसळून जातात. इंग्रजी मजकुराला पुरणारा आकार मराठीसाठी अपुरा पडतो. मोबाइलवरही Settings मधील Display खाली Font size वाढवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते.

हवेचा झोत चेहऱ्यावर येऊ न देणे ही तिसरी दुरुस्ती. एसीची झडप वळवता येत नसेल, तर खुर्ची हलवावी. घरी टेबलफॅन किंवा कूलर समोर ठेवून लॅपटॉपवर बसणाऱ्यांना हाच त्रास होतो. पंखा बाजूला किंवा पायांकडे वळवला तरी फरक पडतो. खिडकी पाठीमागे किंवा समोर असण्यापेक्षा बाजूला असावी. उजळपणासाठी एक कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरून पाहावा: पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा झळकत असेल, तर ब्राइटनेस कमी करावा, राखाडी, मळका दिसत असेल, तर वाढवावा. अंधाऱ्या खोलीत भरपूर उजळ पडदा सर्वांत वाईट. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काहींना शांत वाटतात, पण अंधारात बाहुली मोठी होत असल्याने ज्यांना तिरप्या नंबराचा त्रास आहे त्यांना ती अक्षरे पसरट दिसू शकतात. ज्याला जे स्वच्छ वाचता येईल ते त्याने ठेवावे.

सवयींमध्ये वीस-वीस-वीसचा नियम सर्वांच्या तोंडी आहे: दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद पाहावे. हा नियम कॅलिफोर्नियातील दृष्टितज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी सुचवला. आकडे लक्षात राहावेत म्हणून ते जुळवलेले आहेत. वीसऐवजी पंचवीस मिनिटे झाली म्हणून बिघडत नाही. मात्र वीस सेकंद पुरतातच, असेही मानू नये. तासाभराने जागेवरून उठून चार-पाच मिनिटे फिरणे अधिक खात्रीचे. खिडकीतून समोरची इमारत किंवा झाड पाहताना जोडीला पापण्यांचा व्यायाम करावा: डोळे हळूच मिटून दोन सेकंद तसेच ठेवावेत, उघडावेत, पुन्हा मिटून या वेळी किंचित घट्ट आवळावेत आणि उघडावेत. असे पाच-सहा वेळा केले की अश्रूंचा थर नव्याने पसरतो. डोळे चोळणे मात्र टाळावे.

सकाळी उठल्यावर डोळे चिकटत असतील किंवा पापण्यांच्या कडा लालसर, जाड दिसत असतील, तर गरम शेकाचा उपयोग होतो. स्वच्छ रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावा. रुमाल मिनिट-दोन मिनिटांत थंड होतो आणि बहुतेकांचा शेक तेथेच वाया जातो. तो परत परत गरम करावा लागतो. नंतर पापणीच्या कडेकडे बोटाने हलके चोळल्यास सैल झालेले तेल बाहेर येते. फरक जाणवायला दोन-तीन आठवडे रोज करावे लागते.

औषधाच्या दुकानात मिळणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब, उदाहरणार्थ कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज असलेले, बहुतेकांना मानवतात. मात्र दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील, तर परिरक्षक नसलेले घ्यावेत, कारण बाटलीतले परिरक्षक वारंवार गेल्यास तेच डोळ्याला डसते. उघडल्यावर बाटली किती दिवसांनी टाकायची, ते वेष्टनावर लिहिलेले असते. डोळ्यांचा लालपणा घालवणारे थेंब वेगळे. ते रक्तवाहिन्या आकसवतात, कोरडेपणा घालवत नाहीत आणि सतत वापरल्यास बंद केल्यावर डोळे अधिक लाल होतात. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांशिवाय कधीही घालू नयेत. त्यांनी आराम पटकन पडतो, पण डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवर पैसे खर्च करण्याची गरज नाही: उपलब्ध चाचण्यांमध्ये साध्या चष्म्यापेक्षा त्यांनी डोळ्यांचा ताण कमी केल्याचे दिसलेले नाही. फोनमधली रात्रीची पिवळसर छटाही डोळ्यांच्या कोरडेपणावर उपाय नव्हे.

पतसंस्थेतल्या त्या टेबलावर हे बदल एकाच दिवशी न करता क्रमाने केले, तर कशाने काय साधले ते कळते. आधी मॉनिटर खाली आणि झोत बाजूला, आठवड्याने अक्षरांचा आकार, मग पापण्यांची सवय. रोज दुपारी किती वाजता डोळे खुपायला लागले, एवढे वहीत टिपून ठेवावे. ती वेळ पुढे सरकली तर बदल लागू पडला. तीन-चार आठवड्यांतही ती सरकली नाही, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तेथे पिवळा-नारिंगी रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात आणि पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते ते मोजतात. ॲलर्जीच्या गोळ्या आणि काही इतर औषधेही डोळे कोरडे करतात, म्हणून चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी. तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही आवर्जून सांगावे. डोळ्यात तीव्र वेदना, उजेड अजिबात न सोसणे, एकाच डोळ्याची लाली किंवा अचानक दृष्टी कमी होणे यांपैकी काहीही असेल, तर तो पडद्याचा त्रास मानून थांबू नये. त्याच दिवशी डोळे दाखवावेत.