बाटली होण्याआधीची नळी

पाण्याची बाटली फुगवण्याआधी तिचं एक छोटं रूप तयार होतं: जाड काचेच्या परीक्षानळीसारखं दिसणारं, तोंडाला आटे असलेलं. कारखान्यात त्याला प्रीफॉर्म म्हणतात. पीईटी प्लास्टिक वितळवून थंड साच्यात दाबायचं, ते इतक्या झपाट्याने गार होतं की त्याच्या लांब साखळ्यांना ओळीत बसायला सवडच मिळत नाही. जशा विस्कटलेल्या, तशाच त्या गोठतात. हे गोठणं किती पुरं झालं, ते डीएससीचा आलेख सांगतो. फक्त तो वाचताना घाई केली की फसगत ठरलेली.

प्रीफॉर्मच्या भिंतीतून सात-आठ मिलिग्रॅमचा चपटा काप काढायचा. कापाचा तळ सपाट हवा. तो ॲल्युमिनियमच्या पॅनला नीट टेकला नाही तर शिखरं पसरतात आणि रेघेवर उगाच उचक्या येतात. झाकण दाबून बसवलेलं हे पॅन एका बाजूला, तसंच रिकामं पॅन दुसऱ्या बाजूला. नायट्रोजनच्या झोतात दोन्ही मिनिटाला १० अंशांनी तापवायची आणि दोघांकडे जाणाऱ्या उष्णतेतला फरक नोंदवत राहायचं. आलेख हातात आला की सर्वात आधी त्याच्या कडेचा बाण पाहावा, कारण काही यंत्रं शोषलेली उष्णता वर दाखवतात, काही खाली. इथे ती खाली धरू.

७५ अंशांच्या आसपास रेघ एक पायरी उतरते. हे ग्लास ट्रान्झिशन. इथे काहीच वितळत नाही. गोठलेल्या साखळ्यांना हलायला मोकळीक मिळते, त्यामुळे पदार्थाची उष्णता धारण करण्याची क्षमता वाढते आणि रेघ पुढेही त्या खालच्या पातळीवरच राहते. पायरीच्या अर्ध्या उंचीवरचं तापमान आपण लिहून घेतो. नमुना बरेच दिवस गोदामात पडून असेल तर पायरीला लागूनच एक छोटा खड्डा दिसतो. नवख्याला ते वितळणं वाटतं. तसं असतं तर खड्ड्यानंतर रेघ परत जुन्या पातळीवर आली असती. इथे ती येत नाही, कारण हा खड्डा साखळ्यांच्या संथ स्थिरावण्याचा हिशेब आहे. ओल मुरलेली असेल तर पायरीच काही अंश आधी येते.

१३५ अंशांच्या सुमारास रेघ उसळून वर जाते. साखळ्या आता हलू शकतात, म्हणून त्या ओळीत बसतात आणि उष्णता बाहेर टाकतात. हे स्फटिकीकरण. यंत्र १६० अंशांवर थांबवून, गार करून पॅन उघडून पाहावं: पारदर्शक काप दुधासारखा पांढरा झालेला असतो. मग २५० अंशांजवळ मोठा खड्डा येतो, तो वितळण्याचा.

खरी फसगत या मोठ्या खड्ड्यात आहे. समजा त्याचं क्षेत्रफळ ग्रॅममागे ४१ ज्यूल आलं. पूर्ण स्फटिकी पीईटीसाठी १४० ज्यूल हा आकडा साधारणपणे धरतात. भागाकार केला की २९ टक्के, म्हणजे नळी चांगलीच स्फटिकी निघाली! पण त्यातले बहुतेक स्फटिक आपणच, तापवता तापवता, १३५ अंशांवर तयार केले. त्या शिखराचं क्षेत्रफळ ३३ ज्यूल असेल तर मुळातले उरतात ८, म्हणजे जेमतेम ६ टक्के. बाटलीच्या भिंतीचा काप घेतला तर वितळण्याचा खड्डा जवळपास तेवढाच, समजा ४५ ज्यूलचा, पण मधलं शिखर जवळजवळ गायब. फुगवताना ताणल्यामुळे साखळ्या आधीच ओळीत बसल्या होत्या. तिथले ३२ टक्के खरोखरच बाटलीचे.

त्या ६ टक्क्यांवरही मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. शिखर संपल्यावरही २४० अंशांपर्यंत थोडं थोडं स्फटिकीकरण चालूच राहतं. ते इतकं पसरलेलं असतं की सरळ आधाररेषेत लपून जातं. शिवाय तोच स्फटिक १३५ अंशांवर बनताना जेवढी उष्णता सोडतो, त्याहून जास्त २५० अंशांवर वितळताना घेतो. दोन्ही चुका एकाच दिशेने ओढतात, त्यामुळे ६ टक्के दाखवणारी नळी प्रत्यक्षात पुरती स्फटिकहीन असू शकते. शंका आली तर घनता मोजावी: स्फटिकहीन पीईटीची सुमारे १.३३५, पूर्ण स्फटिकाची १.४५५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर.

आणखी एक सवय प्रयोगशाळांत पक्की बसलेली आहे: पहिली तापवणी फेकून द्यायची आणि दुसरीच अहवालात लावायची. दाण्यांच्या दोन पोत्यांत मुळात एकच माल आहे का, हे पाहायचं असेल तर ते योग्यच. दोन्ही नमुने वितळून सारख्याच गतीने गार झालेले असतात. पण नळीची तक्रार आली असेल तर दुसऱ्या तापवणीत नळी उरलेलीच नसते. मिनिटाला १० अंशांनी सावकाश गार होताना पीईटी वाटेतच स्फटिकी होतं, १३५ चं शिखर दिसत नाही, आणि नळी व बाटली यांचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात.