अकरा, तेवीस, चौऱ्याहत्तर : मोठ्या संख्यांच्या वाचनाची मराठी रीत

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली. ही संख्या मोठ्याने वाचून पाहा : अकरा कोटी तेवीस लाख चौऱ्याहत्तर हजार तीनशे तेहेतीस. आता हीच संख्या इंग्रजीत वाचा : वन हंड्रेड ट्वेल्व्ह मिलियन, थ्री हंड्रेड सेव्हन्टी-फोर थाउजंड, थ्री हंड्रेड थर्टी-थ्री. इंग्रजीत ‘हंड्रेड’ तीनदा आला, मराठीत ‘शे’ एकदाच. दोन्ही भाषांच्या वाचनातला सगळा फरक इथेच आहे.

मराठीत उजवीकडचे तीन अंक सोडले की पुढे दोन-दोन अंकांच्या जोड्या पडतात आणि प्रत्येक जोडी एका शब्दात वाचली जाते. असे का, याचे उत्तर जुन्या स्थाननामांत सापडते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना अठरा स्वतंत्र नावे आहेत. सहस्रानंतर अयुत, मग लक्ष, मग प्रयुत, मग कोटी. बोलण्यात मात्र मधली नावे टिकली नाहीत. अयुताचे ‘दहा हजार’ झाले, प्रयुताचे ‘दहा लाख’. एकाआड एक नाव उरले, म्हणून दोन नावांच्या मधे दोन अंक बसू लागले.

या जोड्या एका दमात वाचायच्या, तर नव्याण्णवपर्यंतचे सगळे शब्द तोंडी हवेत. ‘चौऱ्याहत्तर’ आणि ‘चौऱ्याऐंशी’ यांत गल्लत होऊन चालत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस एक’ या मांडणीवरून मोठा वाद झाला, तो याच शब्दांबद्दल होता. अडचण खरी आहे : ‘चौऱ्याहत्तर’मध्ये चार आधी ऐकू येतो, पण लिहायचा असतो सात आधी. सांगितलेला आकडा उतरवून घेताना ७४चे ४७ होते ते यामुळेच. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचा असतो पाच.

इंग्रजीत अंकांचे गट तीन-तीनचे. आपल्या संख्येचे गट तिथे ११२, ३७४, ३३३ असे पडतात. मराठी वाचनाशी ताडून पाहिले, तर जसाच्या तसा गट फक्त शेवटचा. मधल्या ३७४ हजारांतला ३ मराठीत लाखांच्या घरात जातो आणि तिथल्या २ शेजारी बसून ‘तेवीस’ होतो. तो २ इंग्रजीत मिलियनमधला शेवटचा अंक होता. म्हणून शब्दाला शब्द लावत गेलो की घोटाळा होतो. आधी स्वल्पविराम काढून सगळे अंक सलग लिहावेत, उजवीकडून तीन मोजून पहिला स्वल्पविराम द्यावा, मग दोन-दोनवर, आणि नंतरच वाचावे.

तोंडी हिशेबाला तीन जोड्या पुरतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, ज्याला वर्तमानपत्रे दशलक्ष म्हणतात. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. ११२ मिलियनला दहाने गुणले की ११२० लाख, म्हणजे अकरा कोटी वीस लाख. याच आकड्याचे कोणी घाईत ‘११२ कोटी’ केले, तर चूक ओळखायला गणितही लागत नाही. त्याच जनगणनेत साऱ्या भारताची लोकसंख्या सुमारे १२१ कोटी होती. एकट्या महाराष्ट्रात ११२ कोटी कशी मावेल?

सव्वा, दीड, अडीच हे शब्द आले की जास्त जपावे लागते. ‘सव्वा कोटी’ म्हणजे १,२५,००,०००, इंग्रजीत साडेबारा मिलियन. ‘सव्वाशे कोटी’ म्हणजे सव्वा बिलियन. मधल्या ‘शे’ने रक्कम शंभरपट होते, आणि भाषांतरात हरवतो तो नेमका हाच ‘शे’.

जुन्या इंग्रजी पुस्तकांबाबत एक सावधगिरी हवी. ब्रिटनमध्ये पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, आपले लाख कोटी. तिथल्या सरकारने शंभर कोटींचा बिलियन स्वीकारल्याचे डिसेंबर १९७४ मध्ये जाहीर केले. त्याआधीच्या ब्रिटिश ग्रंथातला बिलियन दिसताच ‘अब्ज’ लिहू नये. संदर्भ पाहून ठरवावे.

आकडा उच्चारणे आणि अक्षरी लिहिणे याला कायद्यातही वजन आहे. १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे धनादेशावरची अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल, तर अक्षरी रक्कमच खरी धरली जाते.