‘अ’ गट, ‘ब’ गट आणि दोन रमाबाई

इतिहासाच्या चाचणीत सर्वांत सोपा म्हणून पहिला प्रश्न ‘जोड्या लावा’ आणि दुसरा ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ असा असतो. सोडवायला ते सोपे असतील, काढायला मात्र नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या समाजसुधारणेचा, आठवीच्या मुलांना परिचित असलेला भाग घेऊन पाहू.

समजा, ‘अ’ गटात महात्मा फुले, पंडिता रमाबाई, 1875 आणि चवदार तळे आहे. ‘ब’ गटात महाड, गुलामगिरी, आर्य समाज आणि शारदा सदन. धडा न उघडलेला मुलगाही यातली बरीच वाट काढील. तळे म्हटले की गाव शोधायचे, आणि गाव एकच आहे. राहिलेल्या तीन जोड्या निम्म्या अंदाजाने लागतात. दोष असा, की एका प्रश्नात व्यक्ती, साल, पुस्तक, संस्था आणि ठिकाण यांची सरमिसळ झाली आहे. शिवाय चारास चार नोंदी असल्याने तीन जमल्या की चौथी आपोआप पदरात पडते.

हाच प्रश्न नीट काढायचा तर आधी एकच नाते ठरवावे: संस्था आणि संस्थापक. ‘अ’ गटात प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज, आर्य समाज आणि शारदा सदन. ‘ब’ गटात आत्माराम पांडुरंग, दयानंद सरस्वती, दादोबा पांडुरंग, पंडिता रमाबाई, महात्मा फुले आणि रमाबाई रानडे. चार संस्थांना सहा नावे, वर्णानुक्रमे लावलेली. जास्तीची दोन नावे विचार करून निवडली आहेत. दादोबा हे आत्माराम यांचे भाऊ आणि परमहंस सभेचे एक संस्थापक, तर रमाबाई रानडे पुण्याच्या सेवासदनाच्या. ज्याने धडा वरवर वाचला तो नेमका इथे अडखळतो.

न्यायमूर्ती रानडे यांचे नाव मात्र मी या यादीत घालणार नाही. ते प्रार्थना समाजाचे संस्थापक नव्हते, पण त्या समाजाचे मोठे आधारस्तंभ होते. ज्या मुलाला एवढे ठाऊक आहे त्याचा गुण कापणे अन्यायाचे आहे. चुकीचा पर्याय पूर्ण चुकीचा असावा, अर्धा बरोबर नव्हे.

मराठीत आणखी एक गळती होते, ती व्याकरणाची. ‘शारदा सदनाच्या संस्थापिका’ असे लिहिले की चार पुरुषांची नावे तिथेच बाद होतात. म्हणून नुसते ‘शारदा सदन’ लिहावे.

एका वाक्यातल्या उत्तराची अडचण वेगळी आहे. तिथे पर्याय नसतात, त्यामुळे प्रश्नच इतका नेमका हवा की उत्तर एकच निघावे. ‘1873 साली महात्मा फुले यांनी काय केले?’ या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे आहेत: सत्यशोधक समाज स्थापन केला आणि ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले. ‘सेवासदनाची स्थापना कोणी केली?’ हेही मोघमच, कारण मुंबईच्या सेवासदनाशी बेहरामजी मलबारी यांचे नाव जोडलेले आहे. ‘पुण्याच्या’ हा एक शब्द घातला की प्रश्न सुटतो. याउलट ‘आर्य समाजाची स्थापना कोणत्या शहरात झाली?’ हा चांगला प्रश्न. उत्तर एकच, मुंबई. आणि पंजाबचे नाव डोक्यात असलेला विद्यार्थी तिथे थांबून आठवतो. ‘सत्यशोधक समाज का स्थापन केला?’ हे एका वाक्यात विचारूच नये. त्याला परिच्छेद लागतो, आणि एका वाक्यात मागितले तर पाठ केलेले वाक्यच हाती येते.

प्रश्न काढतानाच उत्तरसूचीही लिहावी. ‘जोतीराव’, ‘जोतिबा’, ‘महात्मा फुले’ तिन्ही चालतील, हे तेव्हाच ठरवायचे. नुसते ‘फुले’ लिहिले तर? संस्थापकाच्या प्रश्नात ते मान्य करावे. पण सावित्रीबाईंचाही संबंध येईल अशा प्रश्नात पूर्ण नाव मागावे, आणि तसे प्रश्नातच लिहावे.

चाचणी देण्यापूर्वी प्रश्न दुसरा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्याला सोडवायला द्यावा. त्याला जी जोडी जमली ती कशी जमली, हे विचारावे. ‘एवढेच उरले होते’ असे उत्तर आले तर त्या ठिकाणी सूचक धागा राहिला आहे.

पेपर तपासून झाले की चुकीची उत्तरेही मोजावीत. रमाबाई रानडे कोणीच निवडल्या नसतील तर तो पर्याय निरुपयोगी होता, पुढच्या वेळी बदलावा. प्रार्थना समाजासमोर अनेकांनी दादोबा लिहिले असतील तर मुले दोन भावांमध्ये गोंधळली आहेत. मग पुढच्या तासाला नावे पुन्हा घोकून घेण्यापेक्षा दोन्ही संस्था शेजारी ठेवून शिकवाव्यात: दादोबांची परमहंस सभा गुप्तपणे चालत असे, तिचे कामकाज उघड झाल्यावर ती मोडली, 1867 साली आत्माराम पांडुरंगांनी सुरू केलेला प्रार्थना समाज मात्र उघडपणे उभा राहिला.